अंगाईत काळजी कशी लपवायची: एका कवितेची घडण, पायरी पायरीने

कवी दत्त म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे. जन्म १८७५चा, मृत्यू १८९९चा. पंचविशीसुद्धा त्यांना गाठता आली नाही. त्यांची ‘निज नीज माझ्या बाळा’ ही अंगाई जुन्या पिढीतल्या पुष्कळांना आजही येते. एक गरीब आई रात्री मुलाला थोपटते आहे, एवढाच प्रसंग. तिच्यातल्या या चार ओळी मोठ्याने म्हणून पाहा:

रवि गेला रे सोडुनि आकाशाला
धन जैसे दुर्भाग्याला
अंधार वसे चोहिकडे गगनात
गरिबांच्या जेवि मनांत

पहिली ओळ २० मात्रांची, तिच्याखालची १४ मात्रांची. लांब ओळीत आई बाळाला बाहेरची रात्र दाखवते: सूर्य गेला, अंधार पडला. हे कोणतीही आई कोणत्याही बाळाला सांगेल. आखूड ओळीत ती स्वतःशी बोलते: अभाग्याला सोडून पैसा जातो तसा सूर्य गेला, गरिबाच्या मनात असतो तसा अंधार आहे. एरवी कवी आपलं दुःख समजावून द्यायला रात्रीची उपमा वापरतात. इथे उलट आहे. या बाईला दारिद्र्य इतकं सवयीचं झालंय की रात्र कशी आहे हे सांगायला ते तिच्या तोंडी आपोआप येतं. पुढे उंदीर येतात, दाण्यासाठी घरभर फिरतात, काही न मिळून निराश होतात, आणि तेही लवकरच घर सोडतील असं आई म्हणते, आपले गणगोत सोडून गेले तसे.

ही कविता पुढे जाते तशी आईचं बोलणं उघड होत जातं. मी तुझ्यासाठी काहीच ठेवलं नाही, असं ती शेवटी शेवटी सरळ सांगते. त्या काळाच्या कवितेला ते शोभतं; पण मला मात्र हे उंदरांचं कडवं जास्त लागतं, कारण तिथे आई रडत नाही, फक्त उंदीर दाखवते. या लेखात तोच भाग शिकायचा आहे. वरून निव्वळ अंगाई वाटावी, म्हणताना खरोखर झोका घेता यावा, आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र आत काहीतरी टोचावं, अशी कविता कशी बांधायची ते एक नवी कविता घडवतच पाहू. सराव म्हणून सोबत कागद घेऊन तुम्हीही तुमची लिहीत चला.

आधी एक निवड करून टाकू. आपल्याकडे बाळासाठी दोन वेगळे प्रकार आहेत. पाळणा हा बारशाचा, चार बायकांनी मिळून म्हणायचा. त्यात ‘पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी’ अशी बाराव्या दिवसापर्यंत मोजणी येते, देवाची किंवा शिवरायांची जन्मकथा येते. तो समारंभाचा प्रकार आहे, तिथे बाई एकटी नसते. अंगाई एकटीची असते. रात्री, दाराआड, कोणी ऐकत नाही या खात्रीने म्हटलेली. काळजी लपवायची तर ती अंगाईत, पाळण्यात नाही.

पायरी १: कोण, कुठे, किती वाजता, आणि न बोलायची एक गोष्ट

‘दुःखी आई’ यावर अंगाई लिहिता येत नाही. कागदावर चार गोष्टी ठरवून लिहा. आई कोण आहे, ती कुठे बसली आहे, किती वाजले आहेत, आणि ती कोणती एक गोष्ट अजिबात बोलणार नाही.

मी घेतलेली आई ऊसतोडीवर आलेली आहे. बीड, अहिल्यानगर, धाराशिव या भागांतून दसरा-दिवाळीनंतर जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला हंगामभर तोडणी करायची. राहायला कोपी: बांबू, चटया, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. तोडणी उजाडायच्या आत सुरू होते आणि ऊस न्यायला गाडी अवेळी आली तरी उठून ती भरावी लागते.

वेळ: रात्रीचे दोन-अडीच. गाडी येणार आहे. आई आणि बाप दोघेही भरायला जाणार. कोपीत मागे राहणार वर्षाचं बाळ आणि त्याची मोठी बहीण. ही बहीण सहा वर्षांची आहे.

आता न बोलायची गोष्ट. या बाईकडे काळज्यांची कमी नाही. उचल फिटत नाही, कमरेत कळ आहे, उसात बिबट्या असतो, कोपी पाचटाची आहे आणि चुलीत निखारे आहेत. लिहिणाऱ्याचा हात इथेच घसरतो, कारण सगळंच खरं असतं आणि सगळंच सांगावंसं वाटतं. पण अंगाईचा जीव लहान आहे. तिला एकच काळजी पेलते. दोन घातल्या की ती अंगाई राहत नाही, परिस्थितीचा अहवाल होतो. मी निवडलेली काळजी अशी: राखणीला ठेवलेलं माणूस स्वतःच लहान आहे. बिबट्या नाही, निखारे नाहीत, उचल नाही. आणि ‘मी आता तुम्हाला सोडून जाणार आहे’ हे वाक्य आई एकदाही म्हणणार नाही.

हे कागदावर एका ओळीत लिहून ठेवा आणि कविता पुरी होईपर्यंत समोर राहू द्या. तो न बोलायचा शब्द कवितेत डोकावला की तो काढायचा.

पायरी २: झोका मोजा, मग छंद निवडा

‘जो बाळा जो जो रे जो’ या धृपदातली अक्षरं तपासा. सात अक्षरं, सातही दीर्घ. एकही ऱ्हस्व नाही, त्यामुळे घाई करताच येत नाही. १४ मात्रा म्हटल्या जातात आणि सोळाव्या मात्रेपर्यंत गप्प राहायचं असतं; त्या दोन मात्रांच्या शांततेत पाळणा परत येतो. अंगाई म्हणजे आवाज आणि ही गप्प जागा, दोन्ही मिळून. काळजी लपवायला या गप्प जागेइतकी चांगली जागा नाही.

झोळीचा झोका किती वेळ घेतो हे तिच्या लांबीवर ठरतं. आढ्यापासून बाळापर्यंत एक मीटर अंतर असेल तर जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद लागतात. दीड मीटर असेल तर अडीचच्या आसपास. कोपी ठेंगणी असते, म्हणून आपण एक मीटरची झोळी धरू. दोन सेकंदांत सावकाश म्हणता येतील अशी अक्षरं होतात सहा.

सहा अक्षरांचा चरण आपल्या कानात शेकडो वर्षं बसलेला आहे. मोठ्या अभंगाचा साचा: सहा, सहा, सहा आणि चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’. तो वारीत टाळावर जसा चालतो तसाच झोळीवरही चालतो. त्याची खरी गंमत चौथ्या चरणात आहे. तीन झोके भरलेले असतात आणि चौथ्यात चारच अक्षरं येतात. झोका दोन अक्षरं आधीच गप्प होतो. दर कडव्याच्या शेवटी ही पोकळी आपसूक मिळते, तुम्हाला ‘...’ अशी टिंबं द्यावी लागत नाहीत.

अष्टाक्षरी किंवा ओवीही वापरता येईल. ओवीत बोलण्याला जास्त वाव असतो, म्हणून तिच्यात बाई मोकळी होते. जात्यावर ते हवंच असतं. आपल्याला मात्र इथे बाई मोकळी व्हायला नको आहे.

अक्षरं मोजताना एकच नियम पाळा: जोडाक्षर एक अक्षर. ‘माझ्या’ दोन, ‘तुझ्यासाठी’ चार. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब इथे लागत नाही, म्हणताना ऱ्हस्वही ओढून घेता येतो.

पायरी ३: कच्चा खर्डा लिहा आणि बाजूला ठेवा

पहिल्यांदा लिहायला बसलं की हमखास असं काहीतरी उतरतं:

जाते मी फडात
तुला एकटं रे
टाकुनिया बा रे
रडे जीव

मोजणी बरोबर, यमक बरोबर, कविता पडलेली. का पडली? ही आई बाळाला निजवत नाहीये. ती बाळाच्या डोक्यावरून तुमच्याशी, वाचकाशी बोलते आहे आणि दया मागते आहे. निजवणारी बाई ‘मी तुला टाकून जाते’ म्हणेल का? शब्द कळत नसले तरी आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की मूल जागं होतं. तिला तर ते गाडी यायच्या आत निजायला हवं आहे. तिची सगळी गरज ही आहे की तिचा आवाज स्थिर राहावा. लपवाछपवी कवी करत नाही, आई करते आणि तिच्याकडे त्याचं रोकडं कारण आहे. हे कारण सापडलं नाही तर लपवणं ही नुसती कारागिरी राहते आणि वाचकाला ती दिसते.

तरीही हा खर्डा लिहायचाच. न बोलायचं वाक्य एकदा कागदावर सांडून गेलं की पुढच्या खर्ड्यात ते कडेकडेने येत नाही. मग त्यातल्या भावनेच्या शब्दांखाली रेघ मारा: एकटं, टाकुनिया, रडे, जीव. हे चार शब्द या कवितेपुरते बंद.

पायरी ४: काळजी वस्तूंमध्ये ठेवा

आता त्या कोपीत आईच्या हाताच्या अंतरावर काय काय आहे त्याची यादी करा. झोळी, दारावर गोणपाट, बाहेर चांदणं, झोपेला आलेली मुलगी, तिचा हलणारा दुधाचा दात. यादीत ‘भविष्य’, ‘नशीब’, ‘वेदना’ येऊ देऊ नका, ती हाताला लागत नाहीत. मग एकेका वस्तूला एकेक कडवं द्या आणि प्रत्येक कडव्याला दोन कामं लावा: बाळाला धीर, मोठ्याला बातमी. धीर उघड बोलायचा, बातमी नुसती दिसू द्यायची.

पहिलं कडवं पूर्ण निर्धास्त हवं. इथे बातमी जवळजवळ नको. ऐकणारा आधी निवांत झाला पाहिजे, तरच पुढे त्याला हलवता येतं.

नीज माझ्या राजा
चांदणं दारात
ताई तुझी आत
जागी आहे

‘ताई जागी आहे’ हे ऐकून कोणालाही बरं वाटेल. मराठी कानाला ताई म्हणजे जाणती, मोठी. ती किती मोठी हे अजून सांगितलेलं नाही. कवितेचं सगळं वजन पुढे याच शब्दावर यायचं आहे, म्हणून तो इथे अगदी सहज ठेवायचा.

दुसरं कडवं दाराचं. इथे माझ्यापुढे ‘दाराविना कोपी’ असा चरण होता. सहा अक्षरं, नादही चांगला. पण त्यात ‘विना’ आहे, म्हणजे तक्रार आहे. काय नाही ते सांगणारा शब्द आला की आई लगेच बाळाकडून वाचकाकडे वळते. नसलेलं दार दाखवायचं तर असलेला पडदा दाखवा:

दाराला पडदा
गोणपाटाचा रे
थोपवील वारे
ताई तुझी

बाळाला ऐकू येतं: पडदा आहे, वारा येणार नाही. मोठ्याला दिसतं: दार नाही, गोणपाट आहे, आणि पडदा वारा अडवणार नाही म्हणून त्याच्या जागी ताईला उभं केलंय. चौथ्या चरणापर्यंत वारा थोपवणारा कोण ते कळत नाही, पडदाच असेल असं वाटतं. मग ‘ताई तुझी’ आणि झोका गप्प. ही दोन अक्षरांची शांतता आता पहिल्या कडव्यातल्या शांततेसारखी राहिली नाही, हे म्हणून पाहिलं की कळेल.

तिसरं कडवं भुकेचं. अंगाईत खाण्यापिण्याची आमिषं असतातच: दूधभात, लोण्याचा गोळा, खडीसाखर. तीच जागा घ्यायची, पण आमिष खरं ठेवायचं:

भूक लागे तेव्हा
चोख तिचं बोट
थोपटील पोट
ताई तुझी

‘दूध नाही’ असं कुठे म्हटलेलं नाही. बोट आहे. कोणाचं बोट? आईचं नाही, ‘तिचं’. भूक लागेल तेव्हा आई नसणार, ही बातमी त्या एका सर्वनामात आहे. अंगाईत बातमी ठेवायची सगळ्यात सुरक्षित जागा सर्वनाम आणि क्रियापदाचा काळ हीच. त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. ‘थोपटील’ हा भविष्यकाळही तसाच. आत्ता थोपटणारी आई आहे, मग थोपटेल दुसरं कोणीतरी.

या कडव्यात ट जास्त आला आहे, एक ख सुद्धा आहे. एरवी अंगाईत न, म, ल, ज, र, व यांची गर्दी ठेवावी, ट-ठ-ड आणि ख-घ जपून. पण थोपटण्याचा आवाज त्या टकारात आहे, म्हणून एक कडवं असं चालतं. सलग दोन झाली तर मूल उठेल.

चौथ्या कडव्यात ताईचं वय फोडायचं. ‘सहा वर्षांची’ असा आकडा टाकला तर ती शाळेतल्या दाखल्यातली नोंद होईल. पुढचे दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षी हलू लागतात, हे घराघरात ठाऊक असतं.

तिचा दुधी दात
हलतो रे थोडा
होईल ती घोडा
तुझ्यासाठी

हे सगळ्यात खेळकर कडवं आहे आणि ते मुद्दाम इथे ठेवलं आहे. बातमी जितकी जड, तितका वरचा सूर हलका हवा. बाळाला घोडा मिळाला. मोठ्याला कळलं की वारा थोपवणारी, भुकेला बोट देणारी ताई अजून दुधाच्या दातांची आहे. कळल्याबरोबर तो मागची तिन्ही कडवी मनात पुन्हा वाचतो, आणि तुम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही. ‘बिचारी’ किंवा ‘इवलीशी’ असा एकही शब्द इथे घातला तर हा परिणाम गेलाच म्हणून समजा. मोह फार होतो. ‘इवलीशी’ चार अक्षरांचा आहे आणि चौथ्या चरणात फिट्ट बसतो, म्हणून तर जास्त सांभाळायचं.

पायरी ५: शेवट पहिल्या कडव्याच्या विरुद्ध लावा

अंगाईचा शेवट म्हणजे मूल झोपलं. तो वेगळा सांगायची गरज नसते, गाणं थांबलं की समजतं. मग शेवटच्या कडव्यात काय असावं? ज्या आधारावर कविता उभी होती तो आधार हळूच काढून घ्यायचा, तोही अंगाईच्याच भाषेत.

आपला आधार पहिल्या कडव्यात सांगितला होता: ताई जागी आहे.

नीज माझ्या राजा
गाडी आली दारी
ताईलाही भारी
झोप येते

अंगाईत ‘झोप येते’ यापेक्षा गोड बातमी दुसरी नाही. इथे तीच सगळ्यात वाईट बातमी आहे. राखण करणारीच पेंगते आहे, आणि गाडी दारात आहे. आई उठली का, गेली का, हे कवितेबाहेर राहिलं. ‘गाडी’ म्हणजे कसली गाडी हेही सांगितलेलं नाही; बाळाला ती खेळातली वाटली तरी हरकत नाही.

गाडी चौथ्या कडव्यात आणून पाहिली होती, घोड्याच्या आधी. तिथे ती आली की पुढचा सगळा खेळ घाईचा वाटू लागतो. ती दुसऱ्यांदा ‘नीज माझ्या राजा’ म्हटल्यानंतर लगेच यायला हवी, म्हणजे त्या ओळीचा अर्थही पालटतो. पहिल्यांदा ती माया होती, आता ती विनवणी आहे. अक्षरं तीच, चाल तीच. धृपद पुन्हा येताना शब्द बदलण्यापेक्षा त्याच्या पुढची ओळ बदलली तर काम जास्त होतं.

पायरी ६: म्हणून तपासा

वाचून तपासू नका. दोरीला उशी किंवा दप्तर टांगा, झोका द्या आणि त्या तालावर संपूर्ण कविता म्हणा. पाच कडवी, कडव्याला चार झोके. एक मीटरच्या दोरीवर साऱ्या कवितेला चाळीस सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. जिथे झोक्याच्या पुढे पळावं लागतं तिथे बहुधा जोडाक्षरं दाटली आहेत किंवा चुकून सातवं अक्षर घुसलं आहे. ‘भूक लागली तर’ असं कानाला बरं वाटतं, पण मोजा: सात. म्हणून ‘भूक लागे तेव्हा’.

चौथ्या चरणानंतर गप्प राहणं अवघड जातं. आपण पुढचं कडवं लगेच पकडतो. मुद्दाम थांबा, झोका परत येऊ द्या. छापतानाही कडव्यांमध्ये मोकळी ओळ सोडा आणि चौथा चरण आधीच्या चरणाला जोडून लिहू नका.

मग दोन माणसांची परीक्षा. पहिली: कविता एखाद्याला फक्त ऐकवा, काही न सांगता, मजकूर न दाखवता. त्याने ‘छान अंगाई आहे’ म्हटलं आणि जरा वेळाने ‘ताई केवढी आहे पण?’ असं विचारलं तर कविता नीट बसली. ऐकता ऐकताच ‘अरेरे’ म्हणाला तर काळजी वर तरंगते आहे; भावनेचा शब्द कुठे राहिलाय ते शोधा. दुसरी परीक्षा उलटी. कागद हातात देऊन दोनदा वाचायला सांगा. दोन वाचनांनंतरही त्याला फक्त गोड अंगाईच दिसली तर तुम्ही फार खोल पुरलं आहे. तेव्हा एक वस्तू आणखी ठळक करा, स्पष्टीकरण घालू नका. माझ्या कवितेत असं झालं तर मी दात जास्त हलवेन किंवा पडलेलाच दाखवेन.

एक बिघाड असा की तो वाचणाऱ्याला कळतो, लिहिणाऱ्याला कळत नाही: गोडवा ओसंडणं. ‘चिमणं’, ‘सोनुलं’, ‘छकुलं’, ‘परी’, ‘चांदोबा’ हे शब्द रचले की वरचा थर नकली होतो, आणि थर नकली असला की खाली काहीतरी आहे हे पहिल्याच ओळीत फुटतं. वरची अंगाई खरीखुरी हवी, मुलाला झोप यावी इतकी खरी. या कवितेत लाडाचा शब्द एकच आहे, ‘राजा’, आणि तोही दोनदाच.

बोलीचा प्रश्न येईल. बीडकडची बाई ‘चांदणं दारात’ कदाचित वेगळ्या हेलात म्हणेल. ती बोली तुमच्या घरातली असेल तर बिनधास्त तिच्यातच लिहा, अक्षरं पुन्हा मोजून. नसेल तर दोन-चार शब्द उसने आणून शिंपडू नका. ‘दाराला’, ‘तिचं’, ‘चांदणं’ असं बोलतं, साधं मराठी ठेवलं की पुरे होतं.

मर्यादा, आणि शीर्षक

ही रीत सगळ्या दुःखांना चालत नाही. गेलेल्या मुलासाठी म्हटलेली अंगाई हा वेगळा प्रकार आहे. तिथे निजवायला समोर मूलच नसतं, त्यामुळे आवाज स्थिर ठेवण्याचं कारणही उरत नाही आणि लपवणं खोटं वाटू लागतं. तिथे विलापाचीच वाट धरावी. जिथे मूल जिवंत आहे, समोर आहे, आणि आईला काहीतरी येताना दिसतंय, तिथे ही रीत लागू पडते: आजारपण, स्थलांतर, नवऱ्याचा न आलेला फोन, उद्याची जप्ती. आणि अशा प्रसंगातही मूल बोलणं समजण्याच्या वयाचं असलं, चार-पाच वर्षांचं, तर हा साचा मोडतो, कारण मग त्याला ‘ताई केवढी’ हे आईइतकंच माहीत असतं. बाळ दीड-दोन वर्षांच्या आतलं ठेवा.

शीर्षक शेवटी द्या. ‘ऊसतोड कामगार आईची अंगाई’ असं लिहिलं तर पाचही कडव्यांची मेहनत वाया जाते; वाचक पहिल्या चरणापासूनच दुःख शोधू लागतो. अजिबात संदर्भ दिला नाही तर शहरातल्या वाचकाला गोणपाट आणि गाडी यांचा मेळ लागेलच असं नाही. मधली वाट म्हणून कवितेच्या खाली, कवीच्या नावाच्या जागी नुसतं ठिकाण आणि महिना टाकता येतो: ‘फडावर, पौष’. वर शीर्षक मात्र ‘ताई’.